पाण्यात शेवटचा, पाण्याबाहेर पहिला

पेट स्कॅनच्या आधी रुग्णाच्या शिरेतून जे औषध टोचतात, ती खरे तर साखर असते. ग्लुकोजच्या रेणूतला एक ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट काढून त्या जागी किरणोत्सारी फ्लोरिनचा अणू बसवलेला असतो, एवढाच फरक. डॉक्टर मंडळी तिला एफडीजी म्हणतात. कर्करोगाच्या बहुतेक गाठी ग्लुकोज अधाशासारखे ओढून घेतात. त्या ही साखरही ओढून घेतात आणि मग यंत्राच्या पडद्यावर उजळून दिसतात. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन बसला आणि हा फ्लोरिन मुंबईतच तयार होऊ लागला.

हा फ्लोरिन जन्माला येतो तो पाण्यात, फ्लोराइड आयनच्या रूपात. आणि पाण्यात आहे तोवर तो साखरेशी जोडला जात नाही. पाणी काढून टाकून त्याला कोरड्या ॲसिटोनायट्राइल नावाच्या द्रवात नेले, की पाचएक मिनिटांत तो साखरेतल्या कार्बनला जाऊन चिकटतो. आयन तोच, साखर तीच. बदलतो तो द्रावक. पण या एका बदलाने पाठ्यपुस्तकातला एक अख्खा क्रम उलटा होतो, आणि तो का उलटतो हे समजून घेण्यासारखे आहे.

बारावीला हॅलोजन संयुगांचा धडा ज्यांनी वाचला आहे, त्यांना तो क्रम आठवेल. फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन आणि आयोडिन हे चौघे आवर्तसारणीतल्या एकाच स्तंभातले. प्रत्येकाने एक जादा इलेक्ट्रॉन घेतला की फ्लोराइड, क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड हे ऋणभारित आयन तयार होतात. हे आयन आपली इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन एखाद्या कार्बनकडे जातात, त्याला मागच्या बाजूने धरतात, आणि त्याच क्षणी पुढच्या बाजूने त्या कार्बनवरचा जुना गट सुटून निघून जातो. असा हल्ला करणाऱ्या कणाला न्यूक्लिओफाइल म्हणतात. कोण किती जोरकस न्यूक्लिओफाइल, हे क्रिया किती वेगाने होते यावरून ठरते.

मिथेनॉलमध्ये, 25 अंश सेल्सियसला, मिथिल आयोडाइड या साध्या रेणूवर हे चारही आयन सोडून वेग मोजले गेले आहेत. फ्लोराइडचा वेग 1 धरला तर क्लोराइडचा सुमारे 50 येतो, ब्रोमाइडचा सुमारे 1200 आणि आयोडाइडचा 50 हजारांच्या वर. म्हणजे आयोडाइड सर्वांत पुढे आणि फ्लोराइड सर्वांत मागे. पाण्यातही क्रम हाच.

या क्रमाचे एक कारण वर्गात वर्षानुवर्षे सांगितले जाते. आयोडाइड आकाराने मोठा आहे, त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर आणि सैल आहेत, त्यामुळे कार्बन जवळ आला की ते सहज त्याच्याकडे झुकतात. फ्लोराइडचे इलेक्ट्रॉन मात्र घट्ट धरलेले असतात. हे कारण खोटे नाही. पण क्रम ठरवणारे कारण हेच असते, तर द्रावक बदलल्यावर आयोडाइड पहिलाच राहायला हवा होता, कारण आयनचा आकार काही द्रावक बदलून बदलत नाही. प्रत्यक्षात डायमिथिलफॉर्मामाइडमध्ये, म्हणजे कारखान्यांत ज्याला डीएमएफ म्हणतात त्या द्रवात, मिथिल टॉसिलेटवर वेग मोजले तेव्हा आयोडाइड 1, ब्रोमाइड 3.4 आणि क्लोराइड 9.1 असे आकडे आले. इथे जुना गट वेगळा आहे, म्हणून हे आकडे मिथेनॉलच्या आकड्यांशेजारी ठेवून थेट तुलना करता येत नाही. पण क्रम उलटला आहे, हे स्पष्ट आहे. मिथेनॉलमध्ये क्लोराइडच्या हजारपट पुढे असलेला आयोडाइड इथे त्याच्या मागे पडला.

मग मिथेनॉलमध्ये असे काय आहे, जे डीएमएफमध्ये नाही?

दोन्ही द्रव ध्रुवीय आहेत. दोन्हींच्या रेणूंना एक किंचित धन आणि एक किंचित ऋण टोक असते, आणि म्हणूनच दोन्हींत क्षार विरघळू शकतात. फरक आहे तो एका हायड्रोजनचा. मिथेनॉलमध्ये आणि पाण्यात ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन असतो. ऑक्सिजन त्याचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे तो हायड्रोजन जवळजवळ उघडा, धनभारित राहतो. आकाराने अतिशय लहान असल्याने तो ऋण आयनच्या अगदी जवळ जाऊन हायड्रोजन बंध करू शकतो. असा हायड्रोजन असलेल्या द्रावकांना प्रोटिक म्हणतात. डीएमएफ, डीएमएसओ, ॲसिटोनायट्राइल आणि ॲसिटोन हे ध्रुवीय असूनही एप्रोटिक आहेत. त्यांच्यातले हायड्रोजन कार्बनला जोडलेले असतात आणि असे हायड्रोजन इतके उघडे पडत नाहीत.

फ्लोराइडची त्रिज्या 133 पिकोमीटर आहे, आयोडाइडची 220. भार दोघांवर सारखाच, एका इलेक्ट्रॉनचा. लहान गोळ्यावर तोच भार दाटून बसतो, म्हणून पाण्याचे हायड्रोजन फ्लोराइडला जास्त घट्ट पकडतात. वायुरूपातले आयन पाण्यात सोडले तर किती ऊर्जा बाहेर पडते, यावरून ही पकड मोजता येते. फ्लोराइडसाठी ती मोलमागे सुमारे 510 किलोज्यूल आहे, क्लोराइडसाठी सुमारे 365, ब्रोमाइडसाठी 335 आणि आयोडाइडसाठी 295 च्या आसपास. कार्बनवर हल्ला करायचा तर आयनला यातले काही हायड्रोजन बंध तोडावे लागतात, निदान पुढच्या बाजूचे तरी. ज्याची पकड घट्ट त्याला ही किंमत जास्त मोजावी लागते. पावसात भिजून जड झालेली घोंगडी अंगावर घेऊनच पैलवानाला आखाड्यात उतरवावे, तशी पाण्यातल्या फ्लोराइडची गत असते. ताकद अंगात असते, पण ती वापरता येत नाही.

द्रावकाचा हायड्रोजन हाच सूत्रधार आहे, हे पटवणारा पुरावा ऑस्ट्रेलियन रसायनशास्त्रज्ञ ए. जे. पार्कर यांच्या कामात सापडतो. 1960 च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋण आयनांच्या क्रिया एका द्रावकातून दुसऱ्यात नेऊन चिकाटीने मोजल्या. त्यांतली एक मालिका इतकी स्वच्छ आहे की ती प्रत्येक वर्गात फळ्यावर यावी.

क्रिया एकच आहे: क्लोराइड मिथिल आयोडाइडवर हल्ला करतो. द्रावक मात्र तीन आहेत आणि तिघे एकमेकांची भावंडे आहेत. पहिला फॉर्मामाइड, त्याच्या नायट्रोजनवर दोन हायड्रोजन. दुसरा एन-मिथिलफॉर्मामाइड, त्यात एका हायड्रोजनच्या जागी मिथिल गट आलेला, म्हणजे एकच हायड्रोजन उरलेला. तिसरा डीएमएफ, त्यात दोन्ही हायड्रोजन गेले आणि दोन मिथिल गट आले. मिथेनॉलमधला वेग 1 धरला तर फॉर्मामाइडमध्ये तो 12.5 आहे. एक हायड्रोजन काढला की 45. म्हणजे साडेतीनपट वाढ, फार मोठी नाही. शेवटचा हायड्रोजन काढला की आकडा थेट 12 लाखांवर जातो.

45 वरून 12 लाख. आणि मधे घडले काय, तर एका हायड्रोजनची जागा एका मिथिल गटाने घेतली.

या मालिकेने आणखी एक समजूत मोडीत काढली. द्रव किती ध्रुवीय, हे मोजण्यासाठी डायइलेक्ट्रिक स्थिरांक नावाचा आकडा वापरतात. पाण्याचा तो सुमारे 78 आहे. फॉर्मामाइडचा 109 आणि एन-मिथिलफॉर्मामाइडचा तर 180 च्या वर, म्हणजे पाण्याच्या दुपटीहून जास्त. डीएमएफचा मात्र 37 आणि मिथेनॉलचा 33. ध्रुवीयता हेच वेगाचे कारण असते तर मिथेनॉल आणि डीएमएफ यांच्यातले वेग जवळपास सारखे यायला हवे होते. पण नेमका त्यांच्यातच दहा लाखांहून मोठा फरक आहे. म्हणून परीक्षेत विद्यार्थी ‘ध्रुवीय द्रावकात हा क्रम असतो’ असे लिहितात तेव्हा उत्तर अर्धवट राहते. ध्रुवीयता दोन्हीकडे आहे. प्रश्न असतो तो उघड्या हायड्रोजनचा.

डीएमएफ आयनला मोकळे कसे सोडतो, तेही पाहण्यासारखे आहे. या रेणूचे ऋण टोक म्हणजे त्याचा ऑक्सिजन. तो बाहेरच्या बाजूला, मोकळा असतो. सोडियम किंवा पोटॅशियमसारख्या धन आयनाभोवती असे ऑक्सिजन सहज गोळा होतात. धन टोक मात्र रेणूच्या आत, मिथिल गटांच्या आड दडलेले असते, त्यामुळे ऋण आयनला त्याच्या जवळ जाता येत नाही. परिणाम असा की क्षार विरघळतो, धन आयन नीट वेढला जातो, आणि ऋण आयन जवळजवळ उघडाच फिरत राहतो. अशा उघड्या अवस्थेत आयनचा मूळ स्वभाव दिसू लागतो. लहान आयनवर भार दाटलेला असतो, आणि त्याने कार्बनशी केलेला बंधही मजबूत असतो. कार्बन-फ्लोरिन बंध तोडायला मोलमागे सुमारे 460 किलोज्यूल लागतात, कार्बन-आयोडिनला त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून हायड्रोजनची पकड नसेल तिथे फ्लोराइड पुढे, मग क्लोराइड, मग ब्रोमाइड आणि शेवटी आयोडाइड. आयोडाइडचा वेगही एप्रोटिक द्रावकात वाढतो. पण त्याच्यावर पकड आधीच ढिली होती, त्यामुळे त्याला सुटकेचा फायदा सर्वांत कमी मिळतो.

इथे एक सापळा आहे, आणि त्यात जाणकारही अडकलेले आहेत. द्रावक एप्रोटिक घेतला म्हणजे आयन आपोआप मोकळा झाला, असे नाही. सोबतचा धन आयनही त्याला अडकवू शकतो. सॉल विन्स्टीन आणि सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास ॲसिटोनमध्ये एका ब्यूटिल संयुगावर हॅलाइडांचे वेग मोजले. लिथियमचे क्षार घेतले तेव्हा क्लोराइड 1, ब्रोमाइड 5.7 आणि आयोडाइड 6.2 असा क्रम आला, म्हणजे एप्रोटिक द्रावकात चक्क मिथेनॉलचाच क्रम. लिथियमच्या जागी टेट्राब्यूटिलअमोनियम हा मोठा, पसरट धन आयन घेतला तेव्हा त्याच मोजपट्टीवर क्लोराइड 68, ब्रोमाइड 18 आणि आयोडाइड 3.7 आले. लहान लिथियम आयन लहान क्लोराइडला घट्ट धरून बसला होता. ॲसिटोनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 21 च्या आसपास, त्यामुळे तो ही जोडी पुरती फोडू शकत नव्हता. पाण्याचा हायड्रोजन गेला, पण त्याचे काम लिथियमने केले.

ॲसिटोनचाच आणखी एक प्रयोग विद्यार्थ्यांना गोंधळात पाडतो. ॲसिटोन एप्रोटिक, तिथे आयोडाइड दुबळा. मग फिंकेलस्टाइन क्रियेत सोडियम आयोडाइड ॲसिटोनमध्येच क्लोराइडला कसा काय हुसकावून लावतो? उत्तर विद्राव्यतेत आहे. सोडियम आयोडाइड ॲसिटोनमध्ये चांगला विरघळतो, सोडियम क्लोराइड जवळजवळ विरघळत नाही. बाहेर पडलेला क्लोराइड लगेच पांढरा साका होऊन तळाशी बसतो, त्यामुळे उलट फिरायला द्रावणात तो उरतच नाही. क्रिया पुढे जाते ती या साक्यामुळे. वेग आणि तोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे ध्यानात ठेवले की गोंधळ संपतो.

आता एफडीजीकडे वळू, कारण वरचे सगळे ज्ञान तिथे दररोज कामाला लागते आणि घड्याळ लावून लागते. फ्लोरिन-18 ची अर्धायु सुमारे 110 मिनिटे आहे. म्हणजे पावणेदोन-दोन तासांत हातातला निम्मा माल आपोआप संपतो.

1976 मध्ये ही साखर पहिल्यांदा माणसाला दिली गेली, तेव्हा ती फ्लोरिन वायूपासून बनवलेली होती. वायूच्या रेणूत दोन अणू असतात आणि त्यातला एकच साखरेला लागतो, त्यामुळे निम्मा किरणोत्सार सुरुवातीलाच वाया जात असे. दुसरा मार्ग फ्लोराइड आयनचा होता. सायक्लोट्रॉनमध्ये ऑक्सिजन-18 ने समृद्ध केलेल्या पाण्यावर प्रोटॉनांचा मारा करतात. ऑक्सिजनचा अणू एक प्रोटॉन घेतो, एक न्यूट्रॉन सोडतो आणि फ्लोरिन-18 बनतो. माल भरपूर मिळतो, अडचण आहे ती पाण्याचीच.

ही अडचण केवढी, याचा हिशेब मांडता येतो. एक क्युरी इतक्या किरणोत्सारात फ्लोरिन-18 चे सुमारे 3.5 गुणिले 10 चा चौदावा घात इतके अणू असतात, म्हणजे एक नॅनोमोलही नाही. ते दोन मिलिलिटर पाण्यात असले तर एकेका किरणोत्सारी फ्लोराइडमागे पाण्याचे जवळपास 20 कोटी रेणू येतात. अशा ठिकाणी फ्लोराइडकडून कार्बनवर हल्ल्याची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे.

1986 मध्ये जर्मनीतल्या युलिश इथल्या हामाखर, क्योनेन आणि श्टोक्लिन या तिघांनी यावर जी पद्धत दिली, तीच आज थोड्याफार फरकाने जगभर वापरली जाते.

आधी ते पाणी एका लहान नळकांड्यातून सोडतात. त्यातल्या राळेवर धन भार असतो. फ्लोराइड तिला चिकटून राहतो आणि महागडे ऑक्सिजन-18 चे पाणी निथळून बाजूला जमा होते. मग पोटॅशियम कार्बोनेट आणि क्रिप्टोफिक्स नावाचे एक संयुग, ॲसिटोनायट्राइल आणि थोड्याशा पाण्यात घेऊन, फ्लोराइडला राळेवरून सोडवून आणतात. क्रिप्टोफिक्सचा रेणू पिंजऱ्यासारखा असतो आणि पोटॅशियमचा आयन त्यात नेमका मावतो. विन्स्टीन यांच्या प्रयोगात लिथियमने जी अडवणूक केली होती ती इथे पोटॅशियम करू शकत नाही, कारण तो पिंजऱ्यात बंद आहे. अशा पिंजऱ्यांच्या रसायनासाठीच फ्रान्सच्या जाँ-मारी लेन यांना 1987 च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

यानंतर येते ती सगळ्यात नाजूक पायरी, वाळवण्याची. नुसते तापवून पाणी घालवायला वेळ लागतो आणि शेवटचे पाणी जाता जात नाही. पण पाणी आणि ॲसिटोनायट्राइल ठरावीक प्रमाणात मिसळले की ते मिश्रण सुमारे 76 अंशांनाच उकळू लागते आणि आपल्याबरोबर पाणी घेऊन जाते. म्हणून कोरडे ॲसिटोनायट्राइल घालायचे, नायट्रोजन किंवा हेलियमचा झोत देत ते उडवून टाकायचे, पुन्हा घालायचे, पुन्हा उडवायचे. दोन-तीन फेऱ्यांत भांड्याच्या तळाशी डोळ्यांना धड दिसणारही नाही असा थर उरतो. त्यात पिंजऱ्यातला पोटॅशियम असतो आणि जवळजवळ उघडा झालेला फ्लोराइड.

आता साखर. इथे ग्लुकोज घेत नाहीत, मॅनोज घेतात, आणि त्याचे कारण मागच्या बाजूने होणाऱ्या हल्ल्यात आहे. मॅनोज आणि ग्लुकोज यांच्यात फरक फक्त दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर असतो: गट एकात एका बाजूला, दुसऱ्यात विरुद्ध बाजूला. मॅनोजच्या त्या कार्बनवर ट्रायफ्लेट नावाचा, सहज सुटून जाणारा गट बसवून ठेवतात आणि बाकीचे ऑक्सिजन ॲसिटिल गटांनी झाकतात. फ्लोराइड मागून येतो, ट्रायफ्लेट पुढून निघून जातो, कार्बनची मांडणी उलटते आणि मॅनोजची ठेवण ग्लुकोजची होते. कोरड्या ॲसिटोनायट्राइलमध्ये, 85 अंशांच्या आसपास, याला जेमतेम पाच मिनिटे लागतात. मग आम्ल किंवा अल्कली वापरून ॲसिटिल गट काढतात आणि माल शुद्ध करतात. हामाखर आणि सहकाऱ्यांनी निम्म्याहून बरेच जास्त उत्पादन मिळवून दाखवले होते.

वाळवण नीट झाली नाही तर काय होते, हे प्रयोगशाळेत लगेच कळते. तयार मालाचा एक थेंब सिलिकाच्या पट्टीवर ठेवतात आणि पट्टीचे टोक ॲसिटोनायट्राइल-पाण्याच्या मिश्रणात बुडवतात. द्रव वर चढतो, त्याच्याबरोबर एफडीजी पट्टीच्या मधल्या भागापर्यंत जाते आणि न जोडलेला फ्लोराइड जिथे ठेवला तिथेच बसून राहतो. मग पट्टीवरचा किरणोत्सार मोजतात. खालच्या ठिपक्यात जास्त किरणोत्सार दिसला, तर फ्लोराइड जोडला गेला नाही किंवा शुद्धीकरणात निघाला नाही, असे समजायचे. असा मोकळा फ्लोराइड चुकून रुग्णाच्या शरीरात गेला तर तो हाडांकडे धाव घेतो. स्कॅनमध्ये सांगाडाच उजळतो, आणि हाडातली गाठ कोणती आणि नुसते हाड कोणते हे ओळखणे अवघड होते. म्हणूनच ही तपासणी झाल्याशिवाय माल सोडत नाहीत. क्रिप्टोफिक्स विषारी आहे, त्यामुळे तेही उरले नाही ना, हे वेगळे तपासावे लागते.

पण फ्लोराइडला मोकळे करण्याची दुसरी बाजूही आहे. उघडा फ्लोराइड नुसता चांगला न्यूक्लिओफाइल होत नाही, तर तीव्र बेसही होतो. पाण्यात हायड्रोफ्लोरिक आम्लाचा पीकेए 3.2 आहे, डीएमएसओमध्ये तो 15 च्या आसपास जातो. पाण्यातल्या फ्लोराइडला प्रोटॉनची ओढ थोडी असते, डीएमएसओमधल्याला फार. ही ओढ बळावली की तो कार्बनऐवजी शेजारचा हायड्रोजन उचलतो, जुना गट निघून जातो आणि दुहेरी बंधाचे नको असलेले संयुग तयार होते. एखाद्या अवघड औषधावर फ्लोरिन बसवताना निम्मा माल या वाटेने वाया जाऊ शकतो. पाणी काढले की काम फत्ते, असे प्रत्येक रेणूच्या बाबतीत म्हणता येत नाही.

या अडचणीवर 2006 मध्ये दक्षिण कोरियाच्या डाँग वूक किम, डे यून ची आणि सहकाऱ्यांनी जो उपाय प्रसिद्ध केला, तो पाहून अनेकांनी भुवया उंचावल्या असतील. त्यांनी फ्लोराइडसाठी चक्क अल्कोहोल वापरले, म्हणजे ज्याच्यापासून फ्लोराइडला दूर ठेवायचे असे सगळे शिकले होते तोच प्रोटिक द्रावक. मात्र ते साधे मिथेनॉल नव्हते. ते टर्शरी ब्यूटिल आणि टर्शरी ॲमिल अल्कोहोल होते, ज्यात ऑक्सिजन धरणाऱ्या कार्बनभोवती तीन कार्बनांची गर्दी असते. सीझियम फ्लोराइडबरोबर त्यांत क्रिया चांगल्या वेगाने झाल्या आणि नको असलेली संयुगे कमी झाली. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण असे: या गर्दीमुळे अल्कोहोलचे हायड्रोजन फ्लोराइडला घट्ट कोंडू शकत नाहीत. पकड इतपतच राहते, की त्याची बेस म्हणून असलेली आक्रमकता कमी व्हावी पण कार्बनवरचा हल्ला थांबू नये. त्याशिवाय तेच हायड्रोजन सीझियम आणि फ्लोराइडची जोडी सैल करतात आणि निघून जाणाऱ्या गटालाही निघायला मदत करतात. म्हणजे प्रोटिक आणि एप्रोटिक असे दोन कप्पे पाडून काम भागत नाही. हायड्रोजन आहे की नाही, याइतकेच तो आयनला किती जवळून आणि किती घट्ट धरतो हेही पाहावे लागते.

बारावीच्या आणि बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना, आणि त्यांच्या शिक्षकांनाही, एक विनंती आहे. हॅलाइड आयनांचा क्रम फळ्यावर किंवा उत्तरपत्रिकेत लिहिताना त्याच्या शेजारी द्रावकाचे नाव लिहावे, आणि सोबतचा धन आयन कोणता तेही. त्याशिवाय तो क्रम बरोबर आहे की चूक, हे सांगताच येत नाही.